थिन फिल्मच्या कामावर सरांचं शिफारसपत्र: त्यात नेमकं काय यावं?

प्रश्न: एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, जर्मनीत मटेरियल केमिस्ट्रीच्या मास्टर्ससाठी अर्ज करतेय. प्रोजेक्ट CdS थिन फिल्मवर होता. सर म्हणाले, "पत्र तूच लिहून आण, मी सही करतो." लॅबचं काम कसं लिहू?

उत्तर: पत्र लिहून नेऊ नका. एका पानावर टिपण करून न्या आणि सोबत लॅबची वही न्या. मी स्वतः प्रोजेक्टची मुलं सांभाळतो आणि दर हिवाळ्यात अशी पत्रं लिहितो. मुलांनी लिहून आणलेलं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट ऑफ पर्पज एकाच हातचं आहे हे दोन परिच्छेदांत कळतं, आणि ते वाचणाऱ्यालाही कळतंच. शिवाय मूल स्वतःबद्दल जे लिहितं ते बहुधा उपकरणांची यादी असते: एक्सआरडी, सेम, यूव्ही, रामन. खरं तर आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत सॅम्पल डबीत घालून विद्यापीठाच्या केंद्रात पाठवतात, आठवड्याने फाइल येते. मुलीने ते मशिन लांबूनही पाहिलेलं नसतं. पत्रात "एक्सआरडीत निष्णात" लिहिलं आणि मुलाखतीत कोणी सॅम्पल कसं बसवलंस विचारलं, की संपलं. "फिल्म तिने बनवली, मोजणी बाहेर झाली, आलेख तिने वाचला" एवढं खरं लिहिलेलं पुरतं.

माझं पहिलं पत्र मात्र याहून वाईट होतं. कष्टाळू, वक्तशीर, नम्र. त्यात रसायनशास्त्राचा एक शब्द नव्हता.

आता काय लिहायचं ते माझ्याच एका विद्यार्थिनीवरून सांगतो. तीही केमिकल बाथने CdS करत होती. कॅडमियम सल्फेटमध्ये अमोनिया घालायचा, आधी येणारा पांढरा साका विरघळेपर्यंत; मग ७० अंशांपर्यंत तापवून थायोयुरिया आणि त्यात काचेच्या स्लाइड उभ्या. तिच्या फिल्मचं दुखणं हे, की एक दिवस छान पिवळी, चिकटून बसलेली फिल्म यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रमाणात बोट फिरवलं की हळदीसारखी निघायची. ग्रुपमधल्या इतरांनी "स्लाइड नीट धुतल्या नाहीत" म्हणून सोडून दिलं.

तिने बीकरच्या मागे कागदावर फुली काढून चिकटवली. एफवायला थायोसल्फेटच्या प्रयोगात फुली दिसेनाशी होण्याची वेळ घेतात ना, तेच. बाथ किती मिनिटांनी गढूळतो ते ती रोज लिहू लागली. पंधरा दिवसांनी वही घेऊन आली: ज्या दिवशी फुली लवकर गायब, त्या दिवशी फिल्म भुसभुशीत. आणि ज्या दिवशी हॉट प्लेटसाठी रांग असायची, थायोयुरिया घालण्याआधी बीकर बराच वेळ उघडा तापत राहायचा, त्याच दिवशी फुली लवकर जायची. म्हणजे अमोनिया उडून जात होता. अमोनिया कमी झाला की कॅडमियमला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, मोकळं कॅडमियम वाढतं, आणि CdS काचेवर सावकाश वाढण्याऐवजी द्रावणातच झपाट्याने साकळून स्लाइडवर नुसता बसतो. तिने वॉच ग्लास झाकली, अमोनिया तापवून झाल्यावर शेवटी घालायला सुरुवात केली आणि बाथ गढूळ व्हायच्या आत स्लाइड काढल्या. त्यानंतरच्या फिल्म सेलोटेप लावून ओढली तरी बसून राहिल्या.

पत्रातला माझा मुख्य परिच्छेद एवढाच होता. इंग्रजीत लिहिला होता, मराठीत साधारण असा: "फिल्म रोज वेगळी का येते हे तिला मी सांगितलं नाही, मलाही ते तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने गढूळपणाची वेळ नोंदवायची पद्धत स्वतः बसवली आणि कारण अमोनियाच्या घटीत आहे हे वहीतल्या नोंदींवरून दाखवलं." दुसरं वाक्य कोणताही गाइड लिहील, पण पहिलं लिहायला जरा मन मोठं लागतं. तुमच्या टिपणात सरांना तो दिवस आठवेल असं लिहा: तारीख, वहीचं पान, काय बिघडलं होतं, त्यांनी काय सुचवलं आणि तुम्ही स्वतः काय केलंत. या शेवटच्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, कारण वाचणारा तेच शोधत असतो.

दुसरा परिच्छेद आकड्यांचा. जाडी ती वजनाच्या फरकावरून काढायची. एका बाजूची फिल्म पुसून टाकली की उरतं ५ बाय २.५ सेंटिमीटर, म्हणजे १२.५ चौरस सेंटिमीटर. वजन वाढलं ०.६ मिलिग्रॅम, CdS ची घनता ४.८२, उत्तर ९९.६ नॅनोमीटर. तिने तसंच लिहून आणलं. मी विचारलं, आपला बॅलन्स किती दाखवतो? ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे शेवटचं घर एकाने हललं की जाडी १७ नॅनोमीटरने बदलते, मग तो पॉइंट सहा कुठून आला? दुसऱ्या दिवशी ती एकाच बाथमधल्या चार स्लाइड एकत्र तोलून आली. चूक चौघींत वाटली गेली, सरासरी बरीच भरवशाची झाली. खाली तिनेच टीप लिहिली, की फिल्म सच्छिद्र असल्याने ठोकळ्याची घनता वापरली तर जाडी कमी येते. हेही पत्रात गेलं, "सुरुवातीला चुकली होती" यासकट.

एक्सआरडीचं मी एकच वाक्य घेतलं. २६.५ अंशांच्या आसपास एक रुंद पीक येतं, आणि हेक्सागोनलची (002) व क्यूबिकची (111) तिथेच येऊन बसतात. तिने आधी "हेक्सागोनल" लिहिलं होतं, नंतर स्वतः खोडून "एका पीकवरून ठरवता येत नाही" असं केलं. बँडगॅप वगैरे मी पत्रात घेतच नाही, तो प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये असतो.

कॅडमियमचं उरलेलं द्रावण सिंकमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये जमा करत असाल तर ते जरूर टिपणात घाला. तिकडच्या लॅबमध्ये नव्या मुलाची पहिली काळजी हीच असते.

सरांना हेही सांगा, की तुम्हाला किती काळ, कोणत्या नात्याने ओळखतात ते पहिल्या ओळीत यावं, आणि एखादी उणीवही असू द्यावी. मी लिहिलं होतं की तिचं लेखन पाल्हाळिक आहे, रिपोर्ट तीनदा परत पाठवावा लागला. प्रवेश झाला.

काही ठिकाणी पत्राऐवजी सरांच्या मेलवर लिंक जाते. तेव्हा अर्जात त्यांचा कॉलेजचा मेल द्या. तो चालू आहे का ते आधी बघा, आमच्याकडे अर्ध्या लोकांना पासवर्ड आठवत नाही. त्या फॉर्ममध्ये कधीकधी "पहिल्या ५ टक्क्यांत" असा चौकोन असतो. आमचा वर्ग अठरा जणांचा. अठराचे पाच टक्के म्हणजे एक पूर्ण माणूससुद्धा होत नाही, म्हणून मी "पहिल्या १० टक्क्यांत" वर खूण करतो आणि पत्रात "अठरांत पहिली" असं लिहितो.