खाच भरण्याआधी ब्रश कुठल्या हातात असतो ते विचार

इंदूरला राजवाड्याजवळून येणारे ते काका आठव. उजव्या हाताने ब्रश करतात आणि डावीकडे सुळ्यापासून दोन्ही लहान दाढांपर्यंत हिरडीलगत गुळगुळीत, पसरट खाचा. ही ब्रशची झीज, अ‍ॅब्रेजन. एकाच दातावर टोकदार पाचर आणि चावण्याच्या बाजूला झिजेच्या खुणा असत्या, तर अ‍ॅबफ्रॅक्शनचा संशय घेतला असता. तोही जपूनच, कारण चावण्याच्या ताणाने हिरडीलगत दात तुटून अशी खाच पडते हे अजून वादाचंच आहे.

भरताना खरी डोकेदुखी त्या चकचकीत डेंटिनची. त्यावर बॉन्ड नीट धरत नाही, फिलिंग निखळतं. म्हणून आधी बरने हलकं खरवड, कॉर्ड घाल, कडेचं एनॅमल एच कर, मग बॉन्ड चोळून लाव. ओल आवरेनाच तर सरळ रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमर वापर. काकांचा कडक ब्रश आणि खरखरीत मंजन मात्र आधी सोडव, नाहीतर फिलिंगच्या शेजारीच पुन्हा खाच पडेल.