ॲपमध्ये बिल दिसत नसेल तर आधी मीटर तपासा

महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक जोडूनही बिल दिसत नसेल, तर तो लगेच काढून पुन्हा जोडू नका. आधी कागदी बिलावरचा १२ अंकी क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट पडताळा. पत्ता दुसऱ्याच फ्लॅटचा दिसला, तर बिल मुळीच भरू नका.

मग मीटरवर कोरलेला क्रमांक बिलाशी जुळवा. मीटर बदलला तरी ग्राहक क्रमांक तोच राहतो, त्यामुळे नव्या मीटरची नोंद व्हायची राहिलेली असू शकते. मीटर नेमका आपलाच का, हे पाहायला घरातला मेन स्विच बंद करा. मीटरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबायला हवा. शेजारच्याचा थांबला, तर मीटरची अदलाबदल झाली आहे. दोन्ही मीटरचे फोटो, रीडिंग जोडून उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.