संचालकाने कंपनीतून उचललेले पैसे: कलम 185, 186 आणि 31 मार्चची पळवाट

प्रश्न: «आम्ही दोघे भाऊ, शिरोली एमआयडीसीत प्रायव्हेट लिमिटेड, शेअर निम्मे-निम्मे. फ्लॅटसाठी मी या वर्षात कंपनीतून टप्प्याटप्प्याने 45 लाख उचलले. माझे कंपनीकडे आधीचे 12 लाख येणे होते. शिवाय मी आणि बायको चालवतो त्या दुसऱ्या प्रायव्हेट कंपनीला 1 कोटी 20 लाख बिनव्याजी दिले. भांडवल 20 लाख, साठलेला नफा 3 कोटी 10 लाख, बँकेचं सीसी कर्ज 1 कोटी 60 लाख वापरात. आधीचे सल्लागार म्हणायचे, प्रायव्हेट कंपनीला हे नियम लागत नाहीत. नवे ऑडिटर म्हणतात 185 मोडलंय. 31 मार्चला पैसे भरून एप्रिलमध्ये परत काढले तर चालेल का?»

उत्तर:

नाही चालणार. का चालणार नाही ते शेवटी येईल, कारण आधी तुमच्या जुन्या सल्लागारांचं वाक्य तपासायला हवं. ते अर्धवट खरं आहे, आणि छोट्या कंपन्या बहुतेक वेळा इथेच फसतात.

कंपनी कायदा 2013 मधलं कलम 185 संचालकाला कर्ज देण्यावर बंधन घालतं, आणि ते प्रायव्हेट कंपनीला सरसकट माफ नाही. 5 जून 2015 च्या अधिसूचनेने जी सूट मिळाली तिला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळाव्या लागतात. कंपनीच्या भागभांडवलात दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे पैसे नकोत. कर्ज देताना बँक, वित्तसंस्था वा इतर कंपनीकडून घेतलेल्या कर्जाची थकबाकी नको. आणि बँका, वित्तसंस्था व इतर कंपन्यांकडून घेतलेलं कर्ज भरणा झालेल्या भांडवलाच्या दुपटीपेक्षा किंवा 50 कोटींपेक्षा, यातली जी रक्कम कमी असेल तिच्यापेक्षा कमी हवं. 2017 पासून आणखी एक अट आली: ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दाखल करण्यात कसूर नको.

आता तुमचे आकडे घाला. भांडवल 20 लाख, दुप्पट झाले 40 लाख. सीसीच 1 कोटी 60 लाख. सूट तिथेच गेली. लोक 50 कोटींचा आकडा वाचतात आणि निर्धास्त होतात, पण «जी कमी असेल ती» हे शब्द नजरेतून सुटतात. आपल्याकडे कंपनी सुरू करताना भांडवल लाखा-दोन लाखांचं ठेवायचं, नफा राखीव निधीत साठवत जायचं आणि धंदा सीसीवर चालवायचा, ही रीतच आहे. अशा कंपनीला ही सूट जवळजवळ कधीच मिळत नाही, मग ती कितीही सुस्थितीत असो.

सूट नाही म्हटल्यावर तुमचे दोन व्यवहार दोन वेगळ्या खणांत पडतात.

फ्लॅटचे पैसे पहिल्या खणात. संचालक, त्याचा नातेवाईक, त्याचा भागीदार किंवा यांच्यापैकी कोणी भागीदार असलेली फर्म, यांना कंपनीने कर्ज द्यायचंच नाही. त्यांनी बाहेरून घेतलेल्या कर्जाला हमी वा तारणही द्यायचं नाही. इथे ठराव करून सुटका नाही, दोघा भावांचं एकमत असलं तरी नाही. म्हणजे बँकेकडून गृहकर्ज घेऊन त्याला कंपनीची हमी जोडली असती तरी उल्लंघनच झालं असतं. नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य येतात. भावजय या यादीत नाही, हे कुणीतरी दर वेळी शोधून काढतंच. पण कलमात «प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष» असे शब्द आहेत. वहिनीच्या खात्यातून पैसे फिरून संचालकाकडेच आले तर यादीचा आडोसा पुरत नाही.

मात्र 45 लाख हा आकडा कर्जाचा नाही. कंपनी तुमचे 12 लाख देणं लागत होती, त्यामुळे तेवढी रक्कम उचलेपर्यंत ती तुमच्याच पैशांची परतफेड होती. खातं नावे फिरलं, म्हणजे तुम्हीच कंपनीचं देणं लागू लागलात, तिथून पुढचे 33 लाख हे कर्ज. तुमचा लेजर तारखेनुसार काढा आणि शिल्लक कोणत्या दिवशी उलटली ते पेन्सिलीने खूण करून ठेवा. ऑडिटरशी बोलताना पहिला कागद तोच लागेल. तुमच्या नावाची दोन खाती असतील, एक अनसिक्युअर्ड लोनचं आणि एक ॲडव्हान्सचं, तर दोन्ही एकत्र मांडून दाखवा.

नावे रक्कम «मालमत्ता खरेदीसाठी ॲडव्हान्स» अशी दाखवायचा सल्लाही मिळेल. फ्लॅट तुमच्या नावावर असताना तो टिकत नाही. याच्या उलट, जुन्या कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. कंपनीने स्वतःचा फ्लॅट संचालकाला विकला, काही रक्कम घेतली आणि उरलेली नंतर घ्यायची ठरवली. न्यायालयाने त्याला कर्ज मानलं नाही, कारण तो मुळात विक्रीचा व्यवहार होता. तुमच्याकडे विक्री काहीच नाही, फक्त पैसे गेलेत.

दुसऱ्या कंपनीचे 1 कोटी 20 लाख दुसऱ्या खणात पडतात. तुम्ही स्वतः तिथे संचालक आहात, म्हणून ती «संचालकाचे हितसंबंध असलेली» कंपनी ठरते. मे 2018 पासून लागू असलेल्या बदलानंतर असं कर्ज देता येतं, पण आधी सर्वसाधारण सभेत विशेष ठराव हवा. त्याच्या निवेदनात रक्कम आणि तिचा उपयोग लिहिलेला हवा, आणि कर्ज घेणाऱ्या कंपनीने पैसा तिच्या मुख्य व्यवसायातच वापरायला हवा. ठरावानंतर 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे एमजीटी-14 फॉर्म भरायचा. तुमच्या घरात ही सभा अर्ध्या तासात झाली असती, पण झाली नाही हीच अडचण आहे. आज ठराव करून मागच्या तारखेचं कर्ज शुद्ध होत नाही. आणि मागची तारीख घालून इतिवृत्त लिहायच्या फंदात तर पडूच नका, मग गोष्ट चुकीवरून बनावट कागदावर जाते.

याच कर्जाला कलम 186 वेगळं लागतं, आणि त्यातून वरची सूट असलेली प्रायव्हेट कंपनीसुद्धा सुटत नाही. कर्ज देण्याची मर्यादा अशी: भांडवल, मुक्त राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेचे 60 टक्के, किंवा मुक्त राखीव निधी व प्रीमियमचे 100 टक्के, यातलं जे जास्त ते. तुमच्याकडे 3 कोटी 30 लाखांचे 60 टक्के म्हणजे 1 कोटी 98 लाख, आणि दुसरा आकडा 3 कोटी 10 लाख. म्हणजे मर्यादा 3 कोटी 10 लाख, तिच्यात तुम्ही आरामात बसता. पण मर्यादेत बसलात तरी संचालक मंडळाच्या बैठकीत हजर असलेल्या सर्वांच्या संमतीने ठराव लागतो, एमबीपी-2 नोंदवहीत नोंद लागते आणि व्याज लागतंच. व्याजदर कर्जाच्या मुदतीला सर्वांत जवळच्या 1, 3, 5 किंवा 10 वर्षांच्या सरकारी रोख्याच्या परताव्यापेक्षा कमी चालत नाही. «बिनव्याजी» या एका शब्दाने तुम्ही 186 मोडलंय.

शिक्षेचं गणित लोक उलटं समजतात. 185 मोडल्यास कंपनीला 5 ते 25 लाख दंड. जबाबदार अधिकाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 ते 25 लाख दंड. कर्ज घेणाऱ्यालाही कैद, तेवढाच दंड किंवा दोन्ही. तुमच्या फ्लॅटच्या व्यवहारात देणारे अधिकारीही तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच. 186 चा दंड त्यामानाने किरकोळ दिसतो: कंपनीला 25 हजार ते 5 लाख, अधिकाऱ्याला 25 हजार ते 1 लाख. पण अधिकाऱ्यासाठी त्यात 2 वर्षांपर्यंत कैद *आणि* दंड आहे. कलम 441 नुसार कैद व दंड दोन्ही बंधनकारक असलेला गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही. 185 ची मोठी रक्कम कंपाउंडिंगला जाऊ शकते, 186 मधला अधिकाऱ्याचा छोटा दंड जाऊ शकत नाही. म्हणून बिनव्याजीचा मुद्दा हलका धरू नका.

प्रत्यक्षात झळ मात्र आधी आयकराची लागते. मोजक्या लोकांच्या कंपनीने 10 टक्के वा अधिक मतदान हक्क असलेल्या भागधारकाला कर्ज दिलं, किंवा त्याचा 20 टक्के वा अधिक हिस्सा असलेल्या दुसऱ्या कंपनीला दिलं, तर साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती रक्कम लाभांश समजली जाते. 1961 च्या कायद्यात हे कलम 2(22)(ई) होतं, नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद आहे. दुसऱ्या कंपनीत तुमचा स्वतःचा हिस्सा 20 टक्क्यांच्या वर असेल तर 33 लाख अधिक 1 कोटी 20 लाख, असे 1 कोटी 53 लाख तुमच्या उत्पन्नात येऊ शकतात. नफा 3 कोटी 10 लाख असल्याने सगळी रक्कम बसते. पगाराने 30 टक्क्यांचा स्लॅब आधीच गाठला असेल तर 15 टक्के अधिभार आणि 4 टक्के सेस धरून कर जवळपास 55 लाख. वर कंपनीने टीडीएस कापला नाही, तो वेगळा. दोन कंपन्यांत खरी मालाची देवघेव असेल आणि त्यापोटी काही रक्कम आगाऊ गेली असेल, तर तेवढी यातून बाहेर काढता येते. आयकर मंडळाचं 2017 चं 19 क्रमांकाचं परिपत्रक त्यासाठीच आहे. ऑर्डर, बिलं, चलनं शोधा.

आता 31 मार्च. कर्ज दिलं त्या दिवशीच लाभांश ठरतो, वर्ष संपायच्या आत परत केलं तरी फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तारुलता श्याम प्रकरणात हेच सांगितलं. कंपनी कायद्यातही तसंच आहे. 1956 च्या कायद्यात पूर्ण परतफेड केल्यास कैदेतून सुटका होती, 2013 च्या कायद्यात तसं वाक्य नाही. शिवाय एप्रिलमध्ये पैसे पुन्हा काढले की ते नवं कर्ज आणि नवं उल्लंघन. 30 मार्चला जमा, 3 एप्रिलला नावे, अशी जोडी ऑडिटरला बँक स्टेटमेंटच्या एकाच पानावर दिसते. तुमचं भांडवल आणि राखीव निधी मिळून 1 कोटीच्या वर आहे, त्यामुळे उलाढालीमुळे तुमची कंपनी कायद्यातल्या «स्मॉल कंपनी»च्या व्याख्येबाहेर जात असेल, तर ऑडिटरना त्यांच्या अहवालाच्या कारो या जोडपत्रात 185-186 बद्दल लिहावंच लागतं, आणि सीसी नूतनीकरणाच्या वेळी बँक तो अहवाल वाचते.

मी असतो तर काय केलं असतं? 33 लाख खरोखर परत भरले असते आणि पुन्हा काढले नसते. दुसऱ्या कंपनीकडून पहिल्या दिवसापासूनचं व्याज लावून घेतलं असतं. तिला पैसा अजून हवा असेल तर जुनी रक्कम परत घेऊन विशेष ठरावानंतर नव्याने दिली असती. मग 185 साठी कंपाउंडिंगचा अर्ज. तो वसुलीआधी घेऊन जाण्यात अर्थ नाही. 186 चं काय करायचं ते वकिलाला सगळे कागद दाखवून ठरवा.

पुढे घरासाठीच पैसे हवे असतील तर एक सरळ वाट आहे. तुमची रीतसर व्यवस्थापकीय संचालक म्हणून नेमणूक असेल, तर भागधारकांनी विशेष ठरावाने मंजूर केलेल्या योजनेखाली कर्ज मिळू शकतं. दुसरी वाट बोनस शेअरची. राखीव निधीतून 1 कोटीचे बोनस दिले की भांडवल 1 कोटी 20 लाख, दुप्पट 2 कोटी 40 लाख. सीसीशिवाय दुसरं कर्ज नसेल तर 185 ची सूट पुढच्या व्यवहारांना मिळते. अधिकृत भांडवल वाढवायचा खर्च येईल आणि 186 ची मर्यादा 2 कोटी 10 लाखांवर उतरेल, ते धरून चला. पण दोन्ही वाटा फक्त कंपनी कायद्यापुरत्या आहेत. आयकराचा लाभांश दोन्हीकडे लागतोच, म्हणून ठराव लिहायच्या आधी पगार वाढवून घेणं किंवा सरळ लाभांश जाहीर करणं स्वस्त पडतं का, ते सीएंकडून आकड्यांत मांडून घ्या.