50 कोटींना 50 कोटी लावून हेज होत नाही

प्रश्न: «10 वर्षांचा सरकारी बाँड 50 कोटी घेतलाय. त्याच्याविरुद्ध 5 वर्षांचा 50 कोटी शॉर्ट केला. यील्ड दोन्हीकडे 10 बेसिस पॉइंटने वाढलं, तरी लाखांत तोटा कसा?»

तुमचा प्रश्न वाचून माझे नरिमन पॉइंटचे पहिले दिवस आठवले. यील्ड एक बेसिस पॉइंट हललं की बाँडची किंमत किती हलते, त्या डीव्ही01 ला आपल्याकडे पीव्हीबीपी म्हणतात. डॉलरऐवजी रुपये, बाकी गणित तेच. सोयीसाठी दोन्ही बाँड 7 टक्के कूपनचे, 7 टक्के यील्डला, दर्शनी किमतीला धरतो.

एका बेसिस पॉइंटला शंभर रुपयांमागे 10 वर्षांचा साधारण 7.11 पैसे हलतो, 5 वर्षांचा 4.16 पैसे. म्हणजे 50 कोटींवर 3.55 लाख विरुद्ध 2.08 लाख. उरलेले 1.47 लाख दर पॉइंटला उघडेच, आणि 10 पॉइंटला 14.7 लाख गेले. शॉर्ट 7.11 ÷ 4.16 या पटीत, म्हणजे सुमारे 85.5 कोटींचा हवा होता.

हा पैशांचा आकडा काढायला ड्युरेशनने गुणत बसू नका. त्यात साचलेल्या व्याजासकटची किंमत घ्यायला लोक विसरतात. यील्ड एक पॉइंट वर-खाली करून किमतीतला निम्मा फरक घ्या, एक्सेलमध्ये (s सेटलमेंट, m मुदत, c कूपन, y यील्ड):

```
=(PRICE(s,m,c,y-0.0001,100,2,4)-PRICE(s,m,c,y+0.0001,100,2,4))/2
```

मला मात्र खरा फटका पट बरोबर लावल्यावर बसला. शीटवर निव्वळ पीव्हीबीपी शून्य, म्हणून मी निर्धास्त. एका लिलावाच्या आठवड्यात 10 वर्षांचं यील्ड 6 पॉइंट चढलं, 5 वर्षांचं फक्त 2. वरच्याच आकड्यांत मांडायचं तर लाँगवर 21.3 लाख गेले, शॉर्टवर 7.1 लाख आले. रिस्कवाल्यांकडे गेलो तर उत्तर मिळालं, «शीटवर शून्य दिसतंय ना, मग लिमिटमध्ये आहे.» तीन मेल केले, तिन्हींना तेच उत्तर. अरे बाबा, दोन मुदतींचे पॉइंट एका रकान्यात मिळवलेत म्हणून शून्य दिसतंय! हे शून्य फक्त दोन्ही यील्ड सारखी हलली तरच खरं. तेव्हापासून प्रत्येक मुदतीला वेगळा रकाना ठेवतो आणि «एकट्या 10 वर्षांचं यील्ड 5 पॉइंट वाढलं तर?» ही ओळ रोज बघतो. इथे उत्तर 17.75 लाख तोटा येतं. एवढं झेपत नसेल तर हेज जवळच्या मुदतीच्या बाँडने करा किंवा पोझिशनच कापा, असं माझं मत.

जाता जाता, शॉर्टचा बाँड रेपोत उचलावा लागतो. बाजारात तो टंचाईत असला की त्यासाठी दिलेल्या पैशांवर व्याज नगण्य मिळतं. तो खर्च पीव्हीबीपीत कुठेच दिसत नाही.

माझा अनुभव प्रोप डेस्कचा. तुमच्या संस्थेला शॉर्टची किती मुभा आहे ते कम्प्लायन्सकडून लेखी घ्या. फोनवरचं «चालेल हो» नंतर कुणालाच आठवत नाही.