ते चारशे बारा ब्रॅकेट सापडले कुठे?

ताई,
वय ४७. चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १९ वर्षं होतो, शेवटची ११ वर्षं शिफ्ट सुपरवायझर. जानेवारीत आमची प्रेस लाइन बंद झाली आणि माझ्यासकट ३४ जणांना घरी पाठवलं. तेव्हापासून वेअरहाऊस मॅनेजरच्या जागांसाठी २३ अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. अर्जासोबतचं पत्र भाच्याने लिहून दिलंय, ते जोडतो. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडली’ असं घातलंय, कारण काढलं म्हटलं की कोण दारात उभं करणार? गोदामात मी एक दिवसही काम केलेलं नाही, ते कसं झाकू? वर घरी बायकोची बोलणी. एका ३१ मार्चला मोजणीत ४१२ ब्रॅकेट कमी लागले, ते शोधताना रात्रीचे तीन वाजले आणि मुलीचा पाचवा वाढदिवस माझ्याशिवाय झाला. ते बायको अजून ऐकवते. ‘त्या कंपनीने शेवटी काय दिलं?’ म्हणते. काय उत्तर देऊ?
— चाकणहून एक वाचक

ब्रॅकेट सापडले कुठे?

एवढं सगळं लिहिलंत, भाच्याचं पानभर पत्रही जोडलंत आणि नेमकं तेच सांगायचं राहिलं. लोकांच्या घरच्या तक्रारींना उत्तरं द्यायला बसण्याआधी मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये २२ वर्षं काढली आहेत. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला तुमच्या कपाळीचं दुःख दिसलंच नाही, माफ करा. मला ती रात्र दिसली. रॅकला टांगलेली बिन कार्डं, हातात मोजणीची चिठ्ठी, बाहेर ऑडिटरचा माणूस पेंगतोय आणि एक सुपरवायझर ‘राहू द्या, फरक लिहून टाका’ म्हणायला तयार नाही.

भाच्याचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘गतिमान’, ‘ध्येयनिष्ठ’, ‘उत्कृष्ट नेतृत्वगुण’, ‘संघभावना’. हे पत्र बँकेतल्या माणसाला चालेल, हॉटेलातल्याला चालेल, शाळेच्या मुख्याध्यापकालाही चालेल. गोदामासाठी माणूस निवडणाऱ्याला त्यात वाचण्यासारखं काही नाही. त्याला रात्री झोप लागत नाही ती एका गोष्टीपायी. संगणक म्हणतो माल आहे, रॅकवर माल नाही. तुम्ही ते कोडं एका रात्रीत सोडवलंत आणि पत्रात त्याचा उल्लेख बायकोच्या टोमण्यापुरता!

आता कामाचं बोलू. ४१२ नग कमी लागले, म्हणजे बहुतेक वेळा चोरी नसते. रात्रपाळीत लाइन अडली म्हणून कुणी चिठ्ठीशिवाय क्रेट उचलून नेलेला असतो. किंवा खराब निघालेले नग लाल पेटीत पडलेले असतात आणि रिजेक्शनची नोंद राहिलेली असते. पण इतका विचित्र आकडा आला की माझं डोकं आधी जॉबवर्ककडे जायचं. समजा, ९०० ब्रॅकेट झिंक प्लेटिंगला चलानवर पाठवले. प्लेटिंगवाल्याने पहिल्या फेरीत ४८८ परत दिले, बाकीचे नंतर देतो म्हणाला. आवक नोंदवणाऱ्या पोराने घाईत अख्खं चलान बंद केलं. झालं! संगणकात ९०० परत आले, रॅकवर ४८८, आणि ४१२ ब्रॅकेट प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये पावसाचं पाणी खात पडलेले. हे पकडायचं तर आवक नोंद, चलान आणि गेटचं रजिस्टर अशी तिन्ही कागदं शेजारी ठेवावी लागतात. गेटवरचा वॉचमन जे मोजून लिहितो ते बहुतेक खरं असतं, कारण त्याला आपले हिशोब जुळवायचे नसतात.

तुमच्या बाबतीत हेच घडलं असं मी म्हणत नाही. तुमचं काय घडलं ते तुम्हीच लिहायचं आहे, आणि पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात.

गोदामात काम केलं नाही हे झाकायचं कसं, असं विचारता. झाकायचं कशाला? पण फरक कुठे आहे हे तुम्हाला कळलंय एवढं दिसू दे. कारखान्यात वर्षाच्या मोजणीनंतर हिशोबखातं रुपयांतला निव्वळ फरक बघतं. इथे ५० जास्त, तिथे ५० कमी, भाव सारखा, की फरक शून्य आणि सगळे खूश. गोदामात हे शून्य फसवं असतं. अ-१२ खणात ५० नग जादा आणि क-०७ मध्ये ५० कमी असतील तर क-०७ वर माल उचलायला गेलेला पोरगा रिकाम्या हाताने परत येतो, गाडी डॉकवर थांबते आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर अर्धी जाते. म्हणून तिथे खणागणिक मोजतात. ४०० खण तपासले, ३८८ बरोबर निघाले, तर अचूकता ९७ टक्के. फरक वरचा की खालचा, याने काही होत नाही. चुकीचा खण तो चुकीचाच.

कारखान्यात चूक लवकर ओरडते. भाग नसला की लाइन थांबते, सगळे धावतात. गोदामात चूक महिनोन्‌महिने गप्प बसून राहते. म्हणून तिथे रोज थोडं थोडं मोजायची पद्धत असते. किमती किंवा वारंवार हलणारा माल महिन्याला, मधला तिमाहीला, बारीकसारीक वर्षातून एकदा. हे तुम्हाला नवीन वाटायचं कारण नाही, टूल क्रिबमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, महागडे इन्सर्ट तुम्ही दर आठवड्याला मोजतच असणार.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. आज रात्री जेवण झाल्यावर बसा आणि भाच्याचं पत्र फाडून नवीन लिहा. मराठीत लिहा, इंग्रजी नंतर भाच्याकडून करून घ्या, पण त्याला एकही विशेषण घालू देऊ नका. साधारण असं:

‘१९ वर्षं सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम केलं, त्यातली ११ वर्षं शिफ्ट सुपरवायझर म्हणून. एका वार्षिक मोजणीत ४१२ ब्रॅकेट कमी लागले. मी … तपासलं, तेव्हा ते … येथे निघाले. चूक … या नोंदीत होती. त्यानंतर आम्ही … करायला लागलो. माझ्या पाळीत … माणसं होती, त्यातली … कंत्राटी. लाइनला माल पुरवणं, तयार माल गाडीत भरून चलान आणि ई-वे बिलासह बाहेर काढणं हे माझ्या पाळीत माझ्याकडे होतं. संगणकावर मी मालाच्या … नोंदी स्वतः केल्या आहेत. गोदामाची वेगळी प्रणाली मी वापरलेली नाही. जानेवारीत आमची प्रेस लाइन बंद झाली आणि ३४ जणांना कमी केलं, त्यात मी होतो. रिलीव्हिंग लेटर सोबत आहे.’

रिकाम्या जागा मी मुद्दाम सोडल्या आहेत. त्या भरताना खोटा आकडा घालू नका. जे तुमच्याकडे नव्हतं, ते वाक्य सरळ काढून टाका. मुलाखत घेणाऱ्या माणसाने स्वतः कधी चलान फाडलेलं असेल तर दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही पकडले जाल. ई-वे बिलाचंच बघा. महाराष्ट्राबाहेर जाणाऱ्या मालाला ५० हजारांच्या वर ते लागतं, राज्याच्या आत एक लाखाच्या वर, आणि साध्या मालाच्या ट्रकला दर २०० किलोमीटरमागे एका दिवसाची मुदत मिळते. तुम्ही ते काम खरंच केलं असेल तर हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. शिपाई कागद घेऊन यायचा आणि तुम्ही नुसती सही करायचात, तर तसंच लिहा. सही करण्याआधी गाडीतला माल मोजायचात का, एवढं मात्र त्यात येऊ द्या.

‘वैयक्तिक कारणास्तव’ हे मात्र आजच खोडा. मला राग आला तो यावर. पीएफच्या नोंदीत तुम्ही कधी सोडलं ती तारीख दिसते. त्याच सुमारास त्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या आणखी चार जणांचे अर्ज त्याच टेबलावर असू शकतात, आणि त्यांनी लाइन बंद झाल्याचं लिहिलेलं असणार. मग खोटं कोण बोलतंय ते उघडच आहे. ज्याच्या हातात लाखोंचा माल द्यायचा त्याने पहिल्याच कागदावर नोंद फिरवलेली दिसली, तर तुमच्या २३ अर्जांचं काय झालं असेल याचा मला अंदाज येतो. लाइन बंद पडली यात तुमची काय चूक? खराब काम केलं म्हणून काढलं असतं, तर ३४ जण एकदम निघाले नसते.

अर्ज पाठवण्याआधी एखाद्या सकाळी भिवंडीला किंवा जवळच तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या एखाद्या गोदामात ओळखीने जाऊन या. दोन तास डॉकवर उभे राहा. गाडी लागल्यापासून रिकामी होऊन सुटेपर्यंत किती वेळ जातो तो घड्याळ लावून बघा, उंच रॅकवरून माल काढणारा रीच ट्रक कुठे अडतो बघा. मुलाखतीत ‘अमुक ठिकाणी गाडी चाळीस मिनिटं नुसती उभी होती, कागद येईना’ असं डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलंत तर समोरचा खुर्चीत पुढे सरकतो. मी स्वतः सरकले आहे.

आता बायकोचं. ती बरोबर बोलते आहे. पाच वर्षांची पोर केकपुढे थांबली होती आणि तुम्ही ब्रॅकेट मोजत होतात. तिला उत्तर देऊ नका, तिला ते पत्र वाचून दाखवा. ब्रॅकेट कुठे सापडले हे तिला तरी कधी सांगितलंत का? मला नाही वाटत.

आणि मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणाले, तर पगाराआधी हे विचारा: तुमच्याकडे मोजणी रोजची आहे की वर्षातून एकदाच? रोजची म्हणाले तर ३१ मार्चची रात्र बरीच हलकी जाईल. वर्षातून एकदाच म्हणाले आणि तरी नोकरी घेतलीत, तर केक ३० तारखेला कापा.