दातांचा ब्रश महिन्यात विस्कटतोय? मग आधी हात हलका करा

महिन्याभरातच ब्रशचे केस बाहेर फाकत असतील, तर दोष बहुधा ब्रशचा नाही, दाबाचा आहे. हलक्या हाताने तो तीन महिने सहज टिकतो.

मीही हार्ड ब्रशने खसाखसा घासायचो. उजव्या हाताचा जोर डाव्या सुळ्यावर पडून तिथली हिरडी मागे सरकली आणि थंड पाणी झोंबू लागलं. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही.

आता सॉफ्ट ब्रश घ्या. मुठीत आवळू नका, पेनासारखा बोटांत धरा. केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत तिरके टेकवा, जागेवरच हलकेच थरथरवा, मग दाताच्या टोकाकडे झाडून घ्या. दोन-दोन दात करत पुढे सरका. तोंडाचे चार भाग, प्रत्येकी ३० सेकंद. घड्याळ लावाच, अंदाज हमखास चुकतो.

हे जमलं तर साधा ब्रश पुरे. जोर आवरतच नसेल तर दाब वाढल्यावर इशारा देणारा इलेक्ट्रिक घ्या, टायमरही मिळतो. फक्त तो घासू नका. दातावर नुसता टेकवून सरकवत न्या.