पट्टी 'निल' आणि रक्तात २१२

"वडिलांना दहा वर्षांपासून शुगर आहे. लघवीची पट्टी रोज सकाळी निल येते. मग बोट टोचायची गरज आहे का? थकवा मात्र फार जाणवतो."

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. माझ्या आईच्या बाबतीत मी आठ महिने हेच केलं. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. गोळ्या-इन्सुलिनचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

आईचं वय ६७, शुगर बारा वर्षांची. बोट टोचायचा तिला कंटाळा, म्हणून मी पट्ट्या आणल्या. सकाळची पहिली लघवी, पट्टी बुडवायची, तीस सेकंदांनी डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. रोज तोच निळसर चौकोन, म्हणजे निल. मी वहीत बरोबरची खूण करायची. मधे एका तपासणी केंद्रात दाखवलं, तिथेही फक्त लघवी पाहिली आणि कागदावर शेरा मारला, 'शुगर नॉर्मल'. लघवीत साखर नाही, एवढंच खरं तर लिहायला हवं होतं. तो कागद मी पुढचे कितीतरी दिवस पुरावा म्हणून मिरवला, याचा राग अजून जात नाही. त्या केंद्राचा जितका, तितकाच स्वतःचा.

पायाची जखम भरेना म्हणून शेवटी रक्त तपासलं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.६ आला. मला वाटलं, पट्ट्याच खराब असणार. म्हणून एक दिवस घरीच करून पाहिलं. जेवणानंतर दीड तासाने आईला लघवीला जाऊन यायला सांगितलं, ती टाकून दिली. अर्ध्या तासाने पुन्हा लघवी घेतली आणि त्याच मिनिटाला बोट टोचलं. ग्लुकोमीटरवर २१२. पट्टी निळसरच! दोन दिवसांनी २५८ असताना मात्र त्याच डबीतली पट्टी हिरवट झाली. म्हणजे पट्ट्या ठीक होत्या, आईची मूत्रपिंडं साखर अडवून धरत होती.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातून गेलेली साखर पुढच्या नळ्या उचलून परत रक्तात टाकतात. ही उचलायची ताकद संपली की उरलेली साखर लघवीत येते. बहुतेकांत हे रक्तातली साखर १८० मिग्रॅच्या आसपास गेल्यावर होतं. पण हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. वय वाढलं, शुगर जुनी झाली की तो वर सरकू शकतो, आईचा २१२ च्याही वर निघाला. गरोदरपणी तो खाली येतो, आणि काहींचा जन्मतःच खाली असतो. त्यांच्या रक्तात काही दोष नसताना पट्टी रंगते.

आता हिशोब बघा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, असं पुन्हा तपासूनही आलं, की मधुमेह म्हणतात. १२६ ते १८० या पट्ट्यात पट्टी गप्प. आणि साखर ५५ वर उतरली, हात थरथरायला लागले, तरी पट्टी निलच. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मला हीच बाजू जास्त भीतीची वाटते. शिवाय पट्टी आत्ताची साखर सांगत नाही, मूत्राशयात आधीच्या काही तासांत जे साठलं त्याचं मिश्रण सांगते. म्हणून तर वरच्या प्रयोगात पहिली लघवी टाकून दिली.

जाता जाता: डबीचं झाकण उघडं राहिलं की हवेतल्या ओलाव्याने पट्ट्या बिघडतात, आमची एक डबी न्हाणीघरात ठेवून अशीच वाया गेली. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या तर साखर असूनही रंग कमी चढू शकतो, कारण पट्टीतली रासायनिक क्रियाच त्याने अडते.

आणि एक उलटा प्रकार. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर पट्टी गडद रंगणारच, ती औषधं मुद्दाम साखर लघवीतून बाहेर काढतात. माझ्या एका नातेवाइकाने ते पाहून घाबरून गोळीच बंद केली होती. वडिलांची पट्टी निल येते म्हणजे बहुधा ही औषधं चालू नसावीत, तरी गोळ्यांची नावं वाचून घ्या.

माझं मत विचाराल तर पट्ट्यांचे पैसे ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सवर घाला. रोज टोचायला नको म्हणत असतील तर डॉक्टरांना विचारून आठवड्यातले दोन दिवस ठरवा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. आणि एचबीए१सी शेवटचं कधी केलं होतं ते इथे लिहा. तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर थकव्याबद्दल बोलायला जाताना तेही करून न्या.